तिसऱ्या शिफ्टचा डबा

चाकणच्या तळेगाव चौकात रात्री दहा वाजता खायला काय मिळत नाही असं नाही. वडापाव आहे, भजी आहेत, चायनीजच्या गाड्या आहेत, तव्यावर भुर्जी खरपूस होत असते. पण चौकातून म्हाळुंग्याच्या किंवा निघोज्याच्या बाजूला वळलं आणि एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांना लागलं की दोन-तीन किलोमीटरमध्ये फक्त भिंती, गेट आणि रखवालदाराच्या केबिनचा दिवा. म्हणजे तिसऱ्या शिफ्टला जाणाऱ्याने जे खायचं ते गेटच्या आत जाण्यापूर्वीच खिशात किंवा पिशवीत असायला हवं. आत गेल्यावर चहाचं मशीन आणि बिस्किटाचा पुडा एवढाच आधार.

मोठ्या कंपन्यांचं वेगळं आहे. कारखाने अधिनियम, 1948 प्रमाणे अडीचशेहून जास्त कामगार असतील तर सरकार मालकाला कॅन्टीन चालवायला लावू शकत होतं, आणि नव्या श्रमसंहितेत हा आकडा शंभरावर आणलेला आहे. चाकणच्या मोठ्या गाड्यांच्या कारखान्यात रात्रीही गरम जेवण मिळतं. पण त्या गाड्यांना लागणारे क्लिप, ब्रॅकेट आणि नळ्या ज्या शेडमध्ये बनतात, तिथे एका शिफ्टला तीस-चाळीस पोरं असतात. त्यांच्यासाठी कुणी रात्री तीन वाजता चूल पेटवत नाही. माझा भाचा अशाच एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर आहे. लातूरकडून आयटीआय करून आला, कॉन्ट्रॅक्टरच्या हजेरीपटावर लागला आणि खराबवाडीत चौघांत एक खोली घेऊन राहतो.

गेल्या एप्रिलमध्ये एका रात्री त्याला प्रेसवरच उलट्या सुरू झाल्या. नशीब असं की पहिली उलटी आली तेव्हा हात डायच्या बाहेर होते. सुपरवायझरने रिक्षात घालून खोलीवर पाठवलं. त्या दिवसाचा पगार गेला आणि महिन्याचा हजेरी बोनसही गेला. आपाचा मला फोन आला, "भाईजान, पोरगं वाळलंय नुसतं, जरा जाऊन बघा." मी स्वतः भोसरीला चौदा वर्षं नाईट काढलेली. आमच्या भागात आठवड्याची सुटी गुरुवारी असते, म्हणून गुरुवारीच गेलो.

खोलीत गेल्यावर मी त्याला डॉक्टरसारखं विचारलं नाही. एवढंच म्हटलं, त्या रात्री काय काय आणि किती वाजता खाल्लं ते आठवून सांग.

"मेसचा डबा, मामू. नेहमीचाच. भात, वरण, बटाट्याची भाजी, चपात्या."

"डबा आला किती वाजता?"

"सातला येतो. पण तेव्हा भूक नव्हती, म्हणून तसाच सोबत नेला. सुटी तीन वाजता झाली, तेव्हा खाल्ला."

"वास आला होता?"

"नाही ना. चांगला होता. म्हणून तर सगळा खाल्ला."

आणि साडेचारला उलट्या. ही वेळच बरंच सांगते. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजं असू शकतात. ती तांदळातच असतात आणि शिजवल्याने मरत नाहीत. भात गरम असेपर्यंत ती गप्प राहतात. तो कोमट होऊन तसाच तासन् तास राहिला की जंतू वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम करूनही जात नाही, आणि त्याला वास नसतो, चवही नसते. खाल्ल्यावर एक ते पाच तासांत उलट्या होतात. वरण आंबलं की कळतं, भाजीला तार सुटली की कळतं. भाताचं मात्र कळत नाही. माझ्या भाच्याला नक्की हेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही, कारण तपासणी कुणी केली नाही. पण सातचा भात एप्रिलच्या उकाड्यात, भट्टीसारख्या तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, बंद डब्यात आठ तास राहिला होता. शिजलेलं ओलं अन्न उघड्या तापमानात दोन तासांपलीकडे ठेवू नये असं अन्नसुरक्षेवाले सांगतात, आणि उन्हाळ्यात त्याहूनही कमी.

म्हणून आम्ही पहिली गोष्ट ठरवली ती ही की मेसचा डबा सोबत न्यायचा नाही, खोलीवरच खायचा. ऐकायला सोपं, पण नाईटवाल्याची अडचण इथेच असते. सकाळी सातला सुटून तो नऊला झोपतो आणि साडेतीनला उठतो. मेसवाल्याचा दुपारचा डबा बाराला येऊन दाराला लटकलेला असतो, तो हा चारला खातो. पुन्हा सातला रात्रीचा डबा येतो, तेव्हा पोट भरलेलं. दोन्ही जेवणं चुकीच्या वेळी दारात येतात, आणि ज्या वेळी भूक लागते त्या वेळी हातात काही नसतं. मेसवाल्या काकूंशी मी स्वतः बोललो. त्या परभणीकडच्या. म्हणाल्या, "भाऊ, मला सांगितलं असतं तर मी तसा दिला असता की." त्यांनी नाईटच्या आठवड्यासाठी दुपारचा डबा बंद केला. त्याबदल्यात रात्रीचा डबा आठला, शेवटच्या फेरीत गरम द्यायचा आणि सोबत चार चपात्या कोरड्या, वेगळ्या बांधून द्यायच्या असं ठरलं. पैशात फरक पडला नाही.

आता भाचा चारला उठल्यावर थोडं खातो, एखादं केळं आणि मूठभर शेंगदाणे किंवा कोपऱ्यावरचे पोहे. मुख्य जेवण साडेआठला, गरम, भात-वरणासकट. पावणेअकराला मित्राच्या गाडीवर निघतो. शिफ्ट साडेअकराची.

जेवण निघण्यापूर्वी का आणि रात्री तीनला का नाही, याला भाताच्या जंतूखेरीजही कारण आहे. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही. अमेरिकेत बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये एक प्रयोग झाला, तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. एकोणीस तरुण, निरोगी माणसांना प्रयोगशाळेत नाईट शिफ्टसारखं जागवलं. काहींना नाईटवाले जेवतात तसं दिवसा आणि रात्रीही जेवायला दिलं, काहींना फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांच्या रक्तातली साखर सरासरी 6.4 टक्क्यांनी वाढली, दिवसा जेवणाऱ्यांची तशी वाढली नाही. माणसं थोडी होती आणि त्यांना प्रेसवर उभं राहायचं नव्हतं, हे लक्षात ठेवलं पाहिजे. आपल्या पोराला रात्रभर उपाशी ठेवून चालणार नाही. पण एवढं घेता येतं की रात्रीचं खाणं लहान ठेवायचं आणि मोठं जेवण दोन्ही बाजूंना ढकलायचं. भोसरीत आम्ही हे कुठे वाचलं नव्हतं. पण तीन वाजता डबाभर भात खाल्लेला माणूस साडेचारला मशीनवर डुलतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहाटे तीन ते पाच ही झोपेची सगळ्यात जड वेळ, त्यात पोट जड.

मग तीन वाजता खायचं काय? इथे तीन अडचणी एकत्र येतात, आणि डब्याचा विचार करताना लोक सहसा एकच धरतात.

पहिली अडचण उष्णतेची. पिशवी लॉकरमध्ये किंवा खुंटीवर चार-पाच तास राहणार. ओलं, दह्याचं, नारळाचं, दुधाचं काही टिकत नाही.

दुसरी वेळेची. पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास सुटी कायद्यात आहे, पण भाच्याच्या शेडमध्ये ती अडीचला होईल की साडेचारला, हे रिलिव्हरवर अवलंबून. एखाद्या रात्री लॉट अर्जंट असला की दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे मिळतात. म्हणजे पदार्थ असा हवा की निम्मा खाऊन उरलेला परत बांधता येईल. पोळीचा रोल निम्मा ठेवता येतो. भाजी कालवलेला घास ठेवता येत नाही.

तिसरी अडचण बाहेरच्या माणसाच्या डोक्यातच येत नाही. हात. प्रेसवर, लेथवर हाताला तेल आणि कूलंट लागलेलं असतं. बेसिन शेडच्या दुसऱ्या टोकाला, तिथला साबण संपलेला. सालासकट येणारं केळं उत्तम, कारण त्याचा डबा निसर्गानेच दिलेला. रोल कागदात धरून खाता येतो. पण तो कागद वर्तमानपत्राचा नको. छपाईची शाई तेलकट अन्नात उतरते, आणि वर्तमानपत्रात अन्न बांधू नका असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही बजावलेलं आहे. बटर पेपरची एक गुंडाळी आणली की दोन महिने जाते. फुटाणे हाताने खाण्यापेक्षा छोट्या झाकणाच्या बाटलीत भरून सरळ तोंडात ओतायचे, ही युक्ती मला भोसरीत एका विदर्भातल्या सहकाऱ्याने शिकवली होती. ती मी भाच्याला दिली.

तीनही चाळण्यांतून जे खाली उरलं ते असं. काकूंच्या कोरड्या चपात्यांपैकी दोन. त्यांवर शेंगदाण्याची सोलापुरी कोरडी चटणी आणि अगदी थोडं तेल लावून घट्ट गुंडाळायच्या. चटणी कोरडी आहे तोवर ती बाहेर ठेवली तरी कित्येक दिवस टिकते. गरम चपाती तशीच डब्यात कोंबली की आत घाम सुटतो आणि पहाटेपर्यंत ती चिकट होते, म्हणून आधी पूर्ण निवू द्यायची, सुती फडक्यात बांधायची आणि मगच कागद. सोबत पन्नासेक ग्रॅम फुटाणे, म्हणजे दोन मुठी. त्यात दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, दीड अंड्याइतकी. एक केळं. बस. दोनच चपात्या न्यायच्या, उरलेल्या दोन सकाळी दुधासोबत नाश्त्याला.

भाच्याने विचारलं, "आणि अंडी? अंडी का नाही नेत?"

प्रश्न बरोबर होता. अंडं पौष्टिक, खोलीतल्या इलेक्ट्रिक किटलीत दहा-बारा मिनिटांत उकडतं, चौकातही मिळतं. पण उकडलेल्या अंड्यालाही तोच दोन तासांचा नियम. उकडताना कवचावरचं संरक्षण धुऊन जातं, कवच तडकलं असेल तर आणखी लवकर बिघडतं. दहाला उकडलेलं अंडं तीनला, उन्हाळ्यात, मी नेऊ देणार नाही. म्हणून अंडी त्याने साडेआठच्या जेवणात खायची किंवा सकाळी सुटल्यावर गेटसमोरच्या गाडीवर, वाफ निघत असताना, समोर सोलून घ्यायची. डिसेंबर-जानेवारीत चाकणची थंडी चांगली असते, तरी शेडमध्ये मशीन चालू असतात. तेव्हाही मी हाच नियम ठेवीन.

वडापावबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण खिशाला परवडणारी आणि दहा वाजता हमखास मिळणारी तीच गोष्ट आहे. गरम गरम, निघताना, भूक असेल तर एक खाल्ला तर काही बिघडत नाही. पिशवीत नेऊन तीनला खाणं वाईट. आत उकडलेला बटाटा, वर तेल पिऊन बसलेलं बेसन, आणि ओल्या चटणीत कोथिंबीर, ती सगळ्यात आधी बिघडते. बिस्किटाचं उलट आहे. ते बिघडत नाही, म्हणूनच पोरं त्यावर रात्र काढतात. पण ग्लुकोज बिस्किटात साधारण चौथा हिस्सा साखर, बाकी बराचसा मैदा. पुडा संपवल्यावर तासाभरात पुन्हा भूक लागते, मग पुन्हा चहा, पुन्हा पुडा.

चहाचा हिशेब भाच्यासमोर बसून केला. रात्रीत पाच कप. मशीनचा गोड चहा, कपाला दोन चमचे धरले तर दहा चमचे साखर, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम. शिवाय चहातलं कॅफीन पाच तासांनी निम्मंच उतरतं. पाचला घेतलेल्या चहाचा निम्मा जोर दहा वाजताही अंगात असतो, आणि नऊला झोपायचं आहे. त्याची झोप दुपारी बारालाच मोडायची, आणि तो दोष पत्र्याच्या छताला द्यायचा. छताचाही आहेच. पण आता शेवटचा चहा तीनच्या सुटीत, त्यानंतर पाणी. हे त्याला सगळ्यात जड गेलं. चहा त्याच्यासाठी पेय नाही, मशीनपासून पाच मिनिटं दूर जाण्याची परवानगी आहे. पाण्याची बाटली मुद्दाम अर्ध्या लिटरची ठेव म्हटलं. ती भरायला जावंच लागतं.

सकाळचा प्रश्न वेगळा. सातला गेटबाहेर मिसळीचा वास दरवळतो आणि रात्रभर जागलेल्या माणसाला तर्रीच हवीशी वाटते. ती खाऊन तासा-दीड तासात आडवं झालं की छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येतं. भाचा तेव्हा खिशात ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी बाळगून होता. आता पोहे किंवा अंडी किंवा काकूंच्या उरलेल्या चपात्या आणि दूध. रिकाम्या पोटी झोपायचंही नाही, भूक बाराला उठवते. गोळ्या सुटायला तीन आठवडे लागले.

रमजानमध्ये नाईट आली तर हे सगळं उलटंपालटं होतं, पण एक फायदाही असतो. इफ्तार आणि मगरिबनंतर मुख्य जेवण आपोआप शिफ्टच्या आधी होतं, आणि सुटी रिलिव्हरवर न सोडता सहरीच्या वेळेला मागता येते. भोसरीत आमचा फोरमन जोशी घराण्यातला, त्याला वेळापत्रक माझ्याआधी पाठ असायचं. घरच्या बायकांचं सहरीबद्दलचं ज्ञान नाईटच्या डब्यालाही लागू पडतं. नुसत्या गोड शेवया खाल्ल्या तर भूक लवकर लागते, रोटी आणि सोबत डाळ किंवा खिमा असेल तर लांबते. आणि खारट-तिखट खाल्लं की दिवसभर तहान लागते, म्हणून त्या महिन्यात ठेचा आणि चटणी कमी. खजूर मात्र बाराही महिने चालतो. न बिघडणारा, न सांडणारा, चार दाणे पुरे. फक्त हात धुऊन.

ज्यांना आधीच साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी माझ्या हिशेबावर जेवणाच्या वेळा हलवू नयेत. औषधाची वेळ जेवणाशी बांधलेली असते. नाईट लागली आहे हे डॉक्टरांना सांगून दोन्ही वेळा सोबत बदलून घ्याव्यात.

राहता राहिली खरेदी. खराबवाडीतलं किराणा दुकान दहाला बंद होतं आणि भाचा उठतो साडेतीनला, तेव्हा रोज काही आणायला वेळ असतो, पण अंगात जोर नसतो. म्हणून गुरुवारीच सहा रात्रींचं आणतो. फुटाणे तीनशे ग्रॅम, शेंगदाणे पाव किलो, शेंगदाण्याची चटणी शंभर ग्रॅम, खजूर पाव किलो. केळी मात्र एकदम डझन नाही. आधी अर्धा डझन, त्यातली निम्मी पिवळी आणि निम्मी हिरवट, मग रविवारी पुन्हा तशीच. पिशवीत दाबलं जाणार असेल तर किंचित कडक केळंच न्यायचं. पिकलेलं केळं म्हाळुंग्याच्या खड्ड्यांतून पोहोचेपर्यंत शिकरण होतं.

मे महिन्यात आपा स्वतः येऊन गेली. आली ती गुळाच्या दशम्या घेऊन. पाण्याऐवजी दुधात भिजवलेली कणीक, तव्यावर दोन्ही बाजूंनी कोरडी होईपर्यंत शेकलेली. आमच्याकडे प्रवासाला आणि उरुसाला निघताना पूर्वीपासून हाच डबा. दोन दिवस छान राहिल्या. तिसऱ्या दिवशी भाच्याने एक मोडून बघितली. आत ओलसर लागली, म्हणून खाल्ली नाही, आणि आईला तसं फोनवर सांगितलंही नाही. पुढच्या खेपेला तिने त्या जास्त शेकल्या. ते मी सुचवलं होतं.

आता पुढच्या सोमवारपासून त्याची पहिली शिफ्ट. पहाटे साडेपाचला निघायचं, सातला मशीन. उरलेले फुटाणे चालतील. काकूंना मात्र रविवारीच कळवावं लागेल, नाहीतर रात्री आठचा डबा तसाच येत राहील.